तीन की आठ?

धुळ्यात माझ्या मावशीकडे औषधांचा एक स्टीलचा डबा आहे. पूर्वी त्यात शेव असायची. काचबिंदूने तिची दृष्टी साठीनंतर गेली. माझी लहानपणीच गेली. त्यामुळे मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघं त्या डब्यासमोर बसलो, तेव्हा खोलीत डोळस असं कोणीच नव्हतं. मावशीने एक स्ट्रिप उचलून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "हाई शक्करनी शे का बीपीनी?"

मी जळगावहून एरंडोल, पारोळा करत बसने एवढ्यासाठीच आलो होतो. तिच्या मुलाने तिला नवा फोन दिला होता, त्यात वाचणारी ॲप टाकून दिली होती आणि नोकरीच्या गावी निघून गेला होता. फोन बोलत होता, पण काय बोलतोय ते मावशीला कळत नव्हतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर कुठलंच ॲप सरळ देत नाही. स्ट्रिपवर "शुगरची गोळी" असं कुठेच छापलेलं नसतं. तिथे "मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड" असतं किंवा "टेल्मिसार्टन" असतं. फोन फक्त तेवढं वाचणार. कुठलं नाव कशाचं आणि किती मिलिग्रॅमचं, हे आपल्या डोक्यात आधीच असावं लागतं. म्हणून फोन हातात घेण्याआधी मी मावशीकडून तीन नावं पाठ करून घेतली. ब्रँडची नव्हे, औषधांची. मेडिकलवाला कधी दुसऱ्या कंपनीचं देतो आणि ब्रँड बदलतो. आतलं औषध तेच राहतं. शिवाय बहुतेक स्ट्रिपवर औषधाचं मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या टायपात छापावं असा नियम आहे, त्यामुळे ॲपलाही तेच आधी सापडण्याची शक्यता जास्त.

अक्षरं वाचणारं यंत्र ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेत रे कर्झवाइलने १९७६ मध्ये अंधांसाठी वाचनयंत्र आणलं. ते टेबलभर मोठं होतं आणि त्याची किंमत हजारो डॉलरांत होती. २००८ च्या सुमारास तेच काम नोकियाच्या एका फोनमध्ये मावलं. आज मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय आणि गूगलचं लुकआउट फुकट मिळतात, आणि गूगल लेन्स तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतं. पण अक्षरं वाचण्याचं हे तंत्र मुळात छापील पानासाठी घडलं, आणि पान आणि स्ट्रिप यांत फार अंतर आहे. जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' केंद्रात दृष्टिबाधित मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. अशा मुलाने स्कॅन केलेलं इतिहासाचं पुस्तक ऐकताना "शिवाजी महारज" असं ऐकलं तर त्याचा कान ती चूक जागच्या जागी दुरुस्त करतो, कारण आजूबाजूला वाक्य असतं. स्ट्रिपवर वाक्य नसतं. "शून्य तीन तिरपी रेघ दोन शून्य दोन पाच" यात चुकलेला आकडा ओळखायला शेजारी काहीच नसतं.

आधी बोटांचं काम. स्ट्रिपची एक बाजू फुगवट्यांची, दुसरी सपाट. छपाई बहुधा सपाट बाजूला असते. नाव त्या बाजूवर पुन्हापुन्हा छापलेलं असतं, म्हणून कुठूनही तुकडा कापला तरी ते वाचता येतं. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत आणि किंमत मात्र बहुतेकदा एकाच टोकाला असतात, कारण ती मजकुराच्या छपाईनंतर वेगळी मारली जातात. काही स्ट्रिपवर ती ठोकून उमटवलेली असतात. तिथे कडेची पट्टी नखाला खरखरीत लागते. मावशीने ती माझ्याआधी शोधली. "मना डोया गयात, बोटं नही," ती म्हणाली.

हे टोक सापडलं की त्याला रबर लावायचं आणि गोळ्या दुसऱ्या टोकापासून काढायच्या. मेडिकलमध्ये अर्धी स्ट्रिप घेताना "तारखेकडची बाजू द्या" असं तोंडाने मागायचं. ज्या स्ट्रिपचं ते टोक गेलं, तिची मुदत जगातलं कुठलंही ॲप सांगू शकत नाही. काही ॲप तरीही सांगतात, तो प्रकार पुढे येईलच.

मग उजेड. आपल्याला उजेड दिसत नाही म्हणून आपण फोनचा टॉर्च लावतो, आणि चूक तिथेच होते. स्ट्रिपची चांदी आरशासारखी चकाकते. वरून सरळ पडलेला टॉर्च कॅमेऱ्यात पांढरा डाग होऊन परत येतो आणि त्या डागाखालची अक्षरं गायब होतात. खिडकीतून आडवा येणारा दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला, आणि ठोकून उमटवलेल्या आकड्यांना तर तोच हवा, कारण आडव्या उजेडात त्यांच्या सावल्या पडतात. स्ट्रिपखाली गडद आणि न चमकणारं काहीतरी असावं. मावशीकडे जुनी घोंगडी होती. स्टीलच्या ताटात स्ट्रिप ठेवणारे लोक मला भेटले आहेत. ते ताटही चकाकतं.

अंतर मोजायला वीत पुरते. फोन आधी स्ट्रिपवर आडवा टेकवायचा, कॅमेऱ्याची काच तिच्या मध्यावर येईल असा, आणि दोन्ही कोपरं टेबलावर रोवून फोन सरळ वर उचलायचा, एक वीतभर. वाकडा नाही, पुढे नाही. त्याहून जवळ नेला तर कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, दूर नेला तर मुदतीचे बारीक आकडे मुंगीएवढे होतात. फोटो काढल्यावर पहिल्या प्रयत्नात अर्धंच नाव आलं तर फोन हलवू नये, स्ट्रिप थोडी फिरवावी. खानदेशातल्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. पत्र्याच्या घरात दुपारी फोन इतका तापतो की कॅमेरा आपोआप बंद पडतो. हे काम सकाळी करावं, असं मी मावशीला सांगितलं आणि स्वतः मात्र भर दुपारी करत बसलो होतो.

ॲपमध्ये वाचण्याचे दोन प्रकार असतात. एकात कॅमेऱ्यासमोर जे येईल ते फोन लगेच बोलत सुटतो. स्ट्रिप उलटी आहे की सुलटी, नाव कुठल्या बाजूला आहे, हे शोधायला तो बरा. दुसऱ्यात नीट फोटो काढून मजकूर पडद्यावर ठेवला जातो, मग तो हवा तितक्यांदा ऐकता येतो. मुदत वाचायची ती या दुसऱ्या प्रकारातच, आणि तीही एकेक अक्षर. टॉकबॅकमध्ये तीन बोटं वर-खाली सरकवून अक्षरागणिक वाचनाचा पर्याय निवडायचा. मग एक बोट खाली सरकवलं की पुढचं अक्षर येतं. आयफोनमध्ये हेच काम रोटर करतो, दोन बोटं नळाच्या चावीसारखी फिरवून. सलग वाचलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, कारण फोनचा मराठी आवाज इंग्रजी अक्षरं आणि आकडे गिळून टाकतो. कधी "ओ" आणि शून्य त्याला सारखेच वाटतात.

आता त्या दुपारची खरी गोष्ट. डब्यात गुडघेदुखीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप होती. शुगरच्या गोळ्या रोज जातात, त्या संपतात. मुदतीचा प्रश्न खरा येतो तो अशा कधीमधी लागणाऱ्या गोळ्यांचा. फोटो काढला. नाव बरोबर आलं. पुढे अक्षरागणिक ऐकलं: बनवल्याची तारीख ०४/२०२३, मुदत ०८/२०२५. आम्ही मे २०२५ मध्ये बसलो होतो. म्हणजे अजून तीन महिने चालेल. मावशीने स्ट्रिप डब्यात टाकायला हात पुढे केला.

मला ती तारीख खटकली. औषधाची मुदत मनाला येईल तशी ठरत नाही. कंपनीने ती बहुधा दोन वर्षं किंवा तीन वर्षं अशी ठरवलेली असते, आणि आपल्याकडच्या स्ट्रिपवर बहुतेकदा ती बनवल्याच्या महिन्याच्या आदल्या महिन्यात संपते. एप्रिल २०२३ मध्ये बनलेलं औषध मार्च २०२५ ला संपेल किंवा मार्च २०२६ ला. क्वचित एप्रिललाही. ऑगस्ट या हिशेबात कुठेच बसत नाही. आणि मार्च म्हणजे ०३. तिनाचा डावीकडचा उघडा भाग चकाकीने किंवा शाई पसरून बुजला की त्याचा आठ होतो. स्ट्रिपवरचे आकडे बरेचदा सलग रेघेचे नसतात, बारीक ठिपक्यांचे असतात. वाचणाऱ्या यंत्राला ते ठिपके मनाने जोडावे लागतात, म्हणून तीन-आठ, पाच-एस, शून्य-ओ, सहा-आठ या जोड्यांवर कायम संशय ठेवायचा.

संशय आला तरी खात्री हवी, आणि ती बिलाने दिली. मेडिकलच्या कॉम्प्युटरवरच्या बिलात औषधाच्या नावाशेजारी बॅच आणि मुदत बहुधा छापलेली असते. मावशीला प्रत्येक वेळचं बिल रबराने स्ट्रिपलाच गुंडाळून ठेवायची सवय होती. का, विचारलं तर म्हणाली, पैसे किती गेले ते मुलाला दाखवायला. बिल जानेवारीचं होतं. बिल वाचताना वेगळी खोड निघते: त्यात रकाने असतात आणि ॲप कधी आडवं वाचतं, कधी उभं. पहिल्यांदा सगळी नावं, मग सगळे बॅच, मग सगळ्या तारखा असं ऐकू येतं आणि कुठली तारीख कोणाची ते कळत नाही. म्हणून मी बिल आडव्या घडीने असं दुमडलं की गुडघ्याच्या गोळीची एकच ओळ वर राहिली. बॅच नंबर ऐकला. स्ट्रिपवरच्याशी एका अक्षराचा फरक, तोही पाच आणि एसचा. म्हणजे स्ट्रिप तीच. मुदत: ०३/२५.

"फेकी दे," मावशी म्हणाली. मी तारखेकडचं टोक कापून ठेवलं, कारण मला ते पुन्हा वाचून पाहायचं होतं. संध्याकाळी आडव्या उजेडात, स्ट्रिप थोडी तिरपी धरून काढलेल्या तिसऱ्या फोटोत तीन आला.

एवढं सांगून एक सावधगिरी: अशी बरीच बिलं उष्णतेने छापलेली असतात आणि उन्हाने उडतात. उन्हाळ्यात खिडकीत राहिलेलं बिल कोरा कागद होतं. घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून ठेवावा. हाताने लिहिलेल्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा हे बिल वाचायला कितीतरी सोपं. डॉक्टरांच्या अक्षरापुढे तर डोळसही हात टेकतात.

मुदतीसाठी आणखी एक दार २०२३ च्या १ ऑगस्टपासून उघडलं आहे. केंद्र सरकारने ठरवलेल्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बारकोड असावा लागतो, आणि त्यात औषधाचं नाव, बॅच, बनवल्याची तारीख आणि मुदत असावी लागते. कोडमध्ये तिनाचा आठ होत नाही. कोड एक तर पूर्ण वाचला जातो, नाही तर वाचलाच जात नाही. आणि तो वाकडा धरला तरी फोनला सापडतो. मात्र स्ट्रिपवर जागा नसेल तर तो खोक्यावर छापायची मुभा आहे, आणि आपल्याला मेडिकलमधून खोकं कुठे मिळतं? मावशीच्या डब्यात तो एका स्ट्रिपवर निघाला.

आता दुसऱ्या जातीच्या ॲपकडे. ही अक्षरं वाचत नाहीत, चित्राचं वर्णन करतात. बी माय आइजमध्ये २०२३ पासून अशी सोय आली. सीइंग एआय आणि लुकआउटमध्येही आहे. फोटो द्या, प्रश्न विचारा, उत्तर मिळतं, तेही पूर्ण वाक्यात. सवय नसलेल्या माणसाला हे पहिल्या प्रकारापेक्षा फार आवडतं, आणि माझी काळजी तिथेच सुरू होते.

अक्षर वाचणारं ॲप चुकतं तेव्हा कचरा बोलतं: "मेटफ्0रमन", "ई एक्स पी ठिपका कंस". कानाला लगेच कळतं की गडबड आहे. वर्णन करणारं ॲप चुकतं तेव्हा मात्र गोड बोलतं. ते आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या आणि मजकुराच्या आधारावर पुढचा शब्द काय असेल ते ठरवत जातं, त्यामुळे जे दिसलं नाही ती जागाही शोभेल अशा शब्दाने भरली जाते. मावशीच्या मुलाने टाकून दिलेल्या एका ॲपला मी मुद्दाम ती कापलेली स्ट्रिप दाखवली, जिच्यावर तारीख उरलीच नव्हती, आणि मुदत विचारली. त्याने शांतपणे महिना आणि वर्ष सांगितलं. आवाजात काडीचाही संशय नव्हता.

म्हणून या ॲपला तारीख विचारायची नाही. त्याला विचारायचं ते असं: "फोटोत स्ट्रिप पूर्ण आली आहे का? छापील बाजू वर आहे का? चकाकी कुठे आहे? बारीक आकडे कुठल्या टोकाला आहेत?" या कामात ते फार उपयोगी पडतं, कारण आपला फोटो नीट आला की नाही हे आंधळ्या माणसाला दुसरं कोणी क्वचितच सांगतं. तारीख विचारायचीच वेळ आली तर प्रश्नात उत्तर पेरू नये. "याची मुदत २०२६ आहे ना?" या प्रश्नाला हो म्हणायची त्याची प्रवृत्ती असते. "जे आकडे स्पष्ट दिसतात तेवढेच एकेक करून सांग, दिसत नसतील तर दिसत नाहीत म्हण," असं विचारावं, मग स्ट्रिप हलवून नवा फोटो काढून तेच पुन्हा विचारावं. दोन उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही सोडून द्यावीत. त्यानंतर माणूस. बी माय आइज मुळात माणसांसाठीच २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं: व्हिडिओ कॉलवर कुठला तरी अनोळखी डोळस स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून पाहून वाचून देतो. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज गेली की मात्र हे दोन्ही मार्ग बंद. फोनमध्येच काम करणारं अक्षरवाचन तेवढं चालू राहतं.

डोळ्यांच्या थेंबांनी मला जास्त छळलं. डोळ्याची आणि कानाची बाटली हाताला सारखीच लागते, आणि लेबल गोल फिरलेलं असल्यामुळे एका फोटोत नावाचा अर्धाच भाग येतो. बाटली आडवी ठेवून पाव फेरा, फोटो, पाव फेरा, फोटो, असे चार फोटो काढावे लागतात. डोळ्याचे बहुतेक थेंब उघडल्यावर साधारण महिनाभरच वापरायचे असतात, आणि उघडल्याची तारीख लेबलवर नसतेच. मावशीने त्यावर स्वतःच तोडगा काढला. बाटली उघडली की फोनमध्ये बोलून ठेवायचं, "आज उघाडी." कानाच्या बाटलीला तिने दोऱ्याची गाठ मारली, आणि ती गाठ कुठल्याही ॲपपेक्षा लवकर कळते.

पैशाच्या नोटांचं काम सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं ॲप काढलं. ते इंटरनेटशिवाय चालतं आणि घडी केलेली नोटही ओळखतं, फक्त ती खरी की खोटी ते सांगत नाही. शंभराच्या नोटेच्या कडेला चार आणि पाचशेच्या कडेला पाच उंच रेघा असतात, पण बाजारात फिरून मऊ झालेल्या नोटेवर त्या बोटाला लागत नाहीत.

चिठ्ठ्या मात्र अजून अवघड आहेत. शेजारची मुलगी मावशीच्या दारात चिठ्ठी टाकून जाते: गॅसवाला येऊन गेला, दूध ठेवलंय. छापील देवनागरी गूगल लेन्स बऱ्यापैकी वाचतं, पण हाताच्या अक्षरात शिरोरेघ तुटते किंवा दोन शब्दांवरून सलग जाते, आणि जोडाक्षरं ओळखू येत नाहीत. अहिराणीत लिहिलं असेल तर आणखी गंमत: ॲप "शे" चं "से" करतं, "माले" चं "माल", कारण त्याला मराठीचे शब्द ठाऊक आहेत, खानदेशचे नाहीत. मी त्या मुलीला व्हॉट्सॲपवर बोलून पाठव म्हणालो. ती म्हणाली, "पण आजीला चिठ्ठी आवडते."

आठवड्याने मावशीचा आवाजी निरोप आला. तिने नव्या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप एकटीने वाचली होती आणि फोनने सांगितलेलं एकेक अक्षर जसंच्या तसं माझ्यासाठी म्हणून दाखवलं होतं, किंमत आणि कारखान्याचा पत्ता धरून, साडेतीन मिनिटं. बनवल्याची तारीख ०९/२०२४, मुदत ०८/२०२६. शेवटी तिने विचारलं होतं, आठ आला तरी या वेळी बरोबर शे ना, सप्टेंबरच्या आधी ऑगस्टच येतो?